हिरवा ठिपका नेमका कोणता शब्द देतो?

'ठिपका हिरवा आहे ना? मग चालेल.' आपल्या पिढीतल्या मराठी मुस्लिम घरांत हे वाक्य आता नियमासारखे वापरले जाते. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, एसटी स्टँडवरच्या टपरीवर, ऑनलाइन किराणा मागवताना पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचायला कोणाला वेळ नसतो. हिरवा ठिपका म्हणजे मांस नाही, मांस नाही म्हणजे जिबहचा प्रश्न नाही, म्हणजे हलाल. आणि तपकिरी खूण असेल तर पाकीट परत फळीवर. हिशेब सोपा आहे. पण त्याच्या दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या आहेत. हिरवा ठिपका आपल्याला हवा तो सगळा शब्द देत नाही आणि तपकिरी खूण आपल्याला वाटते तितकी नाही म्हणत नाही.

याचे कारण ही खूण लबाड आहे असे नाही. ती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. तो प्रश्न कोणता, हे अंडे, मध आणि जिलेटिन या तीन पदार्थांवरून सगळ्यात स्वच्छ दिसते.

खूण आली कुठून

पाकिटावरची ही खूण फार जुनी नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि आधी मांसाहारी पदार्थांवर तपकिरी खूण सक्तीची झाली. शाकाहारी पदार्थांवरचा हिरवा ठिपका त्यानंतर, २००१ च्या अखेरीस निघालेल्या अधिसूचनेने आला. पुढे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ आला, एफएसएसएआय ही संस्था उभी राहिली आणि २०११ च्या नियमांत हीच पद्धत कायम राहिली. आज लागू आहेत ते २०२० चे लेबलिंग आणि प्रदर्शनाचे विनियम. त्यांनी एक दिसणारा बदल केला. तपकिरी चौकोनात पूर्वी गोल ठिपका असे, आता त्रिकोण असतो. ज्यांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांना निदान आकारावरून कळावे, हा त्यामागचा हेतू.

या विनियमांत मांसाहारी अन्नाची व्याख्या आहे आणि सगळा खेळ तिच्यात आहे. प्राणी, पक्षी, कीटक, गोड्या किंवा खाऱ्या पाण्यातले जीव, त्यांचा एखादा भाग, अंडी किंवा प्राण्यापासून मिळालेला कोणताही पदार्थ ज्यात घटक म्हणून आहे, ते मांसाहारी. मग लगेच अपवाद येतात: दूध आणि दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचे मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक. हे वगळून जे मांसाहारी ठरत नाही, ते शाकाहारी.

आता या व्याख्येत तर्क शोधायला गेलात तर सापडणार नाही. कोंबडीचे अंडे तपकिरी, पण गाईचे दूध हिरवे. कीटक तपकिरी, पण मधमाशीने केलेला मध हिरवा. शेलॅक म्हणजे आपली लाख. लाखेच्या किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेला राळेसारखा थर. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर ती चकाकी आणण्यासाठी वापरतात आणि कायद्याच्या नजरेत तीही हिरवी. विज्ञानाची कसोटी लावली तर हे सगळे प्राणिजन्यच. पण ही व्याख्या विज्ञानासाठी केलेलीच नाही. दूध पिणारा, मध चालवून घेणारा आणि अंडे टाळणारा, असा जो शाकाहारी माणूस भारतात मोठ्या संख्येने राहतो, त्याच्या ताटाचे ते कायदेशीर चित्र आहे. त्यात गैर काही नाही. फक्त ते त्याच्या ताटाचे चित्र आहे, प्रत्येक काटेकोर माणसाच्या नाही.

नरसिंहपूरच्या दुकानात तिघे

हे समजून घ्यायला इंदापूर तालुक्यातल्या नरसिंहपूरला जाऊ. तालुक्याच्या पूर्व टोकाला नीरा येऊन भीमेला मिळते तिथे हे गाव आहे. नदीपलीकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो. लक्ष्मी-नरसिंहाचे देऊळ अनेक घराण्यांचे कुलदैवत, त्यामुळे लांबून लोक येतात. त्यांतले बरेच जण देवाला आलेत म्हणून त्या दिवशी खाण्याबाबत नेहमीपेक्षाही कडक असतात.

अशा गावातले एक साधे दुकान डोळ्यांसमोर आणा. तिथे तीन गिऱ्हाइके उभी आहेत असे समजू. एक, कुलदैवताला आलेले, गळ्यात माळ असलेले काका. दुसऱ्या, बारामतीहून आलेल्या जैन काकू. तिसरी, इंदापूरची आपलीच एक मुलगी, समजा बी.एस्सी.ला असलेली. काउंटरवर तीन पाकिटे आहेत: पाकीटबंद केकचा तुकडा, मध घातलेली बिस्किटे आणि लहान मुलांच्या चघळायच्या जेलीच्या गोळ्या.

केकपासून सुरू करू. अंडे असलेल्या केकवर तपकिरी त्रिकोण आहे. काका आणि काकू तो बाजूला ठेवतील. त्यांच्यासाठी खुणेने काम चोख केले. आपली मुलगीही सवयीने तो ठेवून देईल, पण तिला तसे करायचे कारण नव्हते. कोंबडीचे अंडे हलाल आहे, यावर वादच नाही. कायद्याने इथे एक फट ठेवलेली आहे. पदार्थात अंडे हा एकमेव मांसाहारी घटक असेल, तर उत्पादक तपकिरी खुणेबरोबरच तसे लिहू शकतो. 'शकतो', म्हणजे त्याच्यावर सक्ती नाही. काही पाकिटांवर 'यात फक्त अंडे आहे' अशी ओळ दिसते, अनेकांवर दिसत नाही. ओळ नसेल तर घटकांची यादी वाचावी लागते. यादीत अंड्याशिवाय दुसरे काही प्राणिजन्य नसेल तर तो केक आपल्याला चालतो आणि खूण तपकिरी असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

त्याच केकचा दुसरा प्रकार 'एगलेस', हिरव्या ठिपक्याचा. काका-काकूंना तो चालेल असे वाटते. पण पाकिटाच्या मागे बऱ्याचदा एक ओळ असते: 'अंड्याचे अंश असू शकतात.' हिरवा ठिपका आणि ही ओळ एकाच पाकिटावर? होय, आणि दोन्ही नियमांना धरून. ठिपका घटकांबद्दल बोलतो. केकमध्ये अंडे घातलेले नाही, एवढेच तो सांगतो. खालची ओळ अॅलर्जीच्या नियमाखाली येते. २०२० च्या विनियमांत अंडे, दूध, मासे, शेंगदाणे, सोयाबीन अशा काही पदार्थांची नोंद लेबलवर वेगळी करावी लागते. एकाच कारखान्यात, एकाच पट्ट्यावर अंड्याचा आणि बिनअंड्याचा केक होत असेल तर अंश मिसळू शकतो, हे त्या ओळीतून कळते. म्हणजे भांडे वेगळे असावे असा ज्यांचा नेम आहे, त्यांना हिरवा ठिपका तो शब्द देतच नाही. तो त्यांना मागच्या बाजूच्या अॅलर्जीच्या ओळीतच मिळेल. विचित्र आहे, पण काटेकोर शाकाहारी माणसासाठी पाकिटावरची सर्वात उपयोगी ओळ त्याच्यासाठी लिहिलेलीच नाही.

दुसरे पाकीट, मधाची बिस्किटे. ठिपका हिरवा. काका घेतील, त्यांच्या पंचामृतात मध असतोच. आपली मुलगीही घेईल. कुराणातल्या सोळाव्या सूरेचे नावच मधमाशीवरून आहे आणि मधात शिफा असल्याचे त्यात म्हटले आहे. अडचण येते ती जैन काकूंची. मद्य, मांस आणि मधु या तिन्हींचा त्याग ही जैन आचाराची पहिली पायरी. त्यांच्यासाठी मध हा मांसाच्या शेजारी बसणारा पदार्थ आहे आणि हिरवा ठिपका त्यांना तो बिनधास्त देऊ करतो. कांदा, लसूण, बटाटा यांचे तर विचारूच नका, त्यांच्याबद्दल ठिपका काहीच बोलत नाही. म्हणूनच बाजारात 'जैन' असे वेगळे छापलेले फरसाण मिळते. ज्या खुणेकडे आपण 'त्यांची सोय' म्हणून पाहतो, ती त्यांच्यातल्या सर्वात काटेकोर माणसाला अपुरी पडते, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

२०२२ साली विगन अन्नाचे वेगळे विनियम आले. हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही हे अक्षर आणि त्यावर छोटी पाने, अशी ती खूण. त्या खुणेखाली दूधही नाही आणि मधही नाही. म्हणजे मधाचा प्रश्न सरकारला माहीत आहे, त्यासाठी वेगळी खूण करण्याइतका माहीत आहे. पण ती खूण ऐच्छिक आहे आणि नरसिंहपूरच्या दुकानात ती शोधावी लागेल.

जिलेटिन: तिघांनाही अपुरी माहिती

आता तिसरे पाकीट, जेलीच्या गोळ्या. इथे आपला खरा प्रश्न आहे.

जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडांतल्या आणि कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनापासून काढतात. भारतातल्या कारखान्यांत मुख्यतः गुरांची हाडे वापरली जातात. हाडे फोडायची, त्यांतली चरबी काढायची, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यातले क्षार विरघळवायचे. जो मऊ सांगाडा उरतो त्याला ओसीन म्हणतात. तो चुन्याच्या निवळीत काही आठवडे मुरतो. मग गरम पाण्यात टप्प्याटप्प्याने त्यातून जिलेटिन उतरवतात, गाळतात, आटवतात आणि वाळवून त्याची भुकटी करतात. युरोपात याच कामासाठी डुकराचे कातडे मोठ्या प्रमाणात वापरले जाते आणि तिथे चुन्याऐवजी आम्लाची पद्धत चालते. शेवटी हातात येणारी भुकटी दोन्हीकडे फिक्कट पिवळी, जवळजवळ बिनवासाची. डोळ्यांनी किंवा चवीने कोणाचे जिलेटिन ते ओळखता येत नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळते.

लेबलचा नियम काय म्हणतो? जिलेटिन असेल तर तपकिरी खूण हवीच, शिवाय 'जिलेटिन – प्राणिजन्य' असे लिहायला हवे. काका आणि काकूंसाठी एवढे पुरते. त्यांना कोणताच प्राणी नको आहे. आपल्या मुलीला मात्र हे वाचून काहीच कळत नाही. डुकराचे असेल तर विषय संपला. म्हशीचे असेल तर ती म्हैस कशी कापली हा पुढचा प्रश्न. माशाचे असेल तर प्रश्नच नाही. ही तीन अगदी वेगळी उत्तरे आहेत आणि पाकीट त्या तिघांनाही एकच शब्द लावते: प्राणिजन्य.

यात फिक्हची एक बाजूही आहे, ती थोडक्यात सांगतो. एखादा पदार्थ पूर्ण बदलून दुसराच पदार्थ झाला तर त्याचा मूळचा हुकूम बदलतो, या तत्त्वाला इस्तिहाला म्हणतात. दारूचा सिरका होतो, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हाडाचे जिलेटिन होणे हा असा पूर्ण बदल आहे का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही तो मानतात, काही म्हणतात की कोलॅजेनचेच हे रूप आहे, बदल पूर्ण नाही. कोणते मत घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण मत कोणतेही असो, आधी पाकिटात काय आहे ते कळायला हवे. माहितीच नसेल तर तकवाही अंदाजाने चालवावा लागतो.

आणि ही केवळ आपली अडचण नाही. दुकानात चौथा माणूस उभा करा: मटण-कोंबडी आवडीने खाणारा, पण गाय-बैलाचे काही तोंडात जाऊ नये असे मानणारा मराठा किंवा माळी तरुण. इंदापूर तालुक्यात असे लोक शाकाहाऱ्यांपेक्षा कमी नसतील. तपकिरी त्रिकोण पाहून तो पाकीट ठेवणार नाही, कारण मांसाहाराला त्याची हरकत नाही. पण त्या जिलेटिनचे हाड कोणाचे, हे त्यालाही कोणी सांगितलेले नाही. म्हणजे 'प्राणिजन्य' हा शब्द केवळ मुसलमानाला नव्हे, तर मांस खाणाऱ्या पण एखादा प्राणी टाळणाऱ्या प्रत्येकाला अंधारात ठेवतो.

गंमत अशी की याच नियमांत दुसऱ्या एका पदार्थाबाबत उलट वागणूक आहे. डुकराची चरबी, लार्ड किंवा गोवंशाची चरबी वापरली असेल, तर ती 'प्राणिज चरबी' अशा मोघम नावाखाली लपवता येत नाही. ती तिच्या विशिष्ट नावानेच लिहावी लागते. कायद्याला प्राण्याचे नाव विचारणे जमते, हे यातून सिद्ध होते. मग चरबीला जो न्याय, तो जिलेटिनला का नाही?

घरात ओळखायचे कसे

लेबल नसेल तेव्हा काय? समजा लग्नाच्या जेवणात किंवा बेकरीच्या काचेत साधी जेली आहे. आपल्या घरांत इफ्तारला आणि ईदला जो पुडिंगचा थर लावतात तो बहुतेक वेळा चायना ग्रासचा असतो. चायना ग्रास म्हणजे अगर-अगर, समुद्री शेवाळापासून काढलेले, पूर्ण वनस्पतिजन्य. जिलेटिन आणि अगर यांच्या वागण्यात एक ठळक फरक आहे. जिलेटिनची जेली साधारण शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास विरघळते, म्हणून ती जिभेवर आपोआप पाणी होते. इंदापूरच्या एप्रिल-मे महिन्यात ती फ्रीजबाहेर टिकत नाही. अगरची जेली एकदा लागली की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. ती चावल्यावर कडक तुटते, तोंडात विरघळत नाही. चमचाभर जेली हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात टाकली आणि दोन-चार मिनिटांत ती नाहीशी झाली, तर जिलेटिनची शक्यता मोठी. तशीच राहिली तर बहुधा अगर.

याला मर्यादा आहेत. चघळायच्या गोळ्यांत साखर आणि ग्लुकोज इतके असते की ही परीक्षा नीट लागत नाही. तिथे चावून पाहणे जास्त उपयोगाचे: रबरासारखी ताणली जाते ती सहसा जिलेटिनची, पटकन तुटते ती फळांपासून काढलेल्या पेक्टिनची. पण हा अंदाज आहे, पुरावा नाही आणि चावून झाल्यावर कळण्यात आपला उपयोगही नाही. म्हणून पाकीट वाचणेच बरे. पेक्टिन, अगर, कॅरेजिनन, स्टार्च ही नावे दिसली की ती वनस्पतींची.

बेकरीत 'केक जेल' नावाचा डबा दिसतो, त्यावरूनही गैरसमज होतो. ते जिलेटिन नव्हे. अंड्याशिवाय केक फुलावा म्हणून वापरायचे ते इमल्सिफायर आहे. त्यातला मुख्य घटक बहुधा ४७१ क्रमांकाचा असतो, म्हणजे चरबीच्या आम्लांपासून केलेली मोनो आणि डायग्लिसराइड्स. ही चरबी वनस्पतीची असू शकते, प्राण्याचीही. इथे मात्र हिरवा ठिपका आपल्याला खरेच कामाचा आहे: डब्यावर तो असेल तर चरबी प्राण्याची नसल्याचा उत्पादकाने शब्द दिला आहे.

खारी, टोस्ट, क्रीमरोल सुटे मिळतात तेव्हा मात्र काहीच लागू होत नाही. ठिपका पाकिटाचा आहे, टोपलीतल्या मालाचा नाही. तिथे बेकरीवाल्याला विचारणे हाच मार्ग आणि तो सहसा खरे सांगतो, कारण गिऱ्हाईक रोजचे असते.

ठिपक्याला जे दिसतच नाही

जिलेटिन तरी तपकिरी खुणेने पकडले जाते. आपल्या काळजीची एक गोष्ट अशी आहे, जी हिरव्या ठिपक्याखाली निवांत बसू शकते: अल्कोहोल. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात ऊस आहे, कारखाने आहेत, मळीपासून अल्कोहोल कसे निघते हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. उसाच्या मळीतून निघालेल्या त्या अल्कोहोलमध्ये प्राणी कुठे आहे? कुठेच नाही. म्हणून रम घातलेल्या पण अंडे नसलेल्या केकवर किंवा चॉकलेटवर हिरवा ठिपका असेल तर तो नियमाप्रमाणे बरोबरच आहे. काही नैसर्गिक अर्क, उदाहरणार्थ व्हॅनिलाचा खरा अर्क, अल्कोहोलमध्येच उतरवतात. ठिपक्याचे काम प्राणी शोधणे आहे, नशा शोधणे नाही. 'हिरवा म्हणजे हलाल' हे समीकरण नेमके इथे मोडते.

दुसरी जागा औषधांची. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते. तीच कॅप्सूल पोषणपूरक म्हणून विकली, तर ती अन्नाच्या कायद्याखाली येते आणि तिच्यावर तपकिरी खूण लागते. औषध म्हणून विकली तर खूण नाही. हा प्रश्न न्यायालयात गेला तो ओझेर हुसेन या नागरिकाच्या याचिकेमुळे. आपण काय वापरतो ते जाणण्याचा हक्क माणसाला आहे, असे म्हणत दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये जीवरक्षक औषधे सोडून इतर औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर अशी खूण लावण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो रद्द केला. असा नियम करणे हे न्यायालयाचे नव्हे, कायदा करणाऱ्यांचे काम, अशी त्यामागची भूमिका होती. औषधाच्या बाबतीत आजाराची गरज वेगळी आणि त्यासाठी कोणी उपचार थांबवू नये. पण शाकाहारी शेजाऱ्याचा आणि आपला प्रश्न किती एक असू शकतो, हे त्या याचिकेने दाखवले.

शब्द देतो कोण, आणि मागायचे काय

हिरवा ठिपका कोणा सरकारी तपासनीसाने पाकिटावर मारलेला शिक्का नसतो. पदार्थ काय आहे हे पाहून ती खूण उत्पादक स्वतः छापतो. लहान पाकिटावर किमान ३ मिलिमीटर व्यासाचा ठिपका आणि त्याभोवती ६ मिलिमीटरचा चौकोन, दर्शनी बाजूला नावाजवळ, इतके नियम बारीक आहेत. पण आत काय आहे ते प्रत्येक वेळी कोणी तपासत नाही. खोटे छापले तर तो चुकीच्या लेबलाचा गुन्हा. त्याला ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि कारवाई राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. शंका असेल तर पाकीट फेकू नका. त्यावरचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांच्या यादीचा फोटो हाच तक्रारीचा आधार असतो.

डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका गोरक्षा संघटनेच्या याचिकेवर महत्त्वाचे सांगितले. ६३१ या क्रमांकाचा चव वाढवणारा पदार्थ वनस्पतीपासूनही होतो, मासळी किंवा डुकरापासूनही, मग नुसता क्रमांक छापून काय कळणार, असा तिथे मुद्दा होता. घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, ते उघड सांगायला हवे आणि प्रमाण कितीही कमी असले तरी त्याने फरक पडत नाही, असे न्यायालय म्हणाले. याचिका करणाऱ्यांचा आणि आपला राजकीय विचार जुळो न जुळो, ही मागणी आपलीही आहे.

फक्त ती आणखी एक पाऊल पुढे न्यायला हवी. अनेकांना वाटते की यावर उपाय म्हणजे प्रत्येक पाकिटावर हलालची खूण. भारतात ती खूण खासगी संस्था देतात, एफएसएसएआयची अशी खूण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी आल्यावर तिचे काय राजकारण होते, हेही आपण पाहिले. हलाल प्रमाणपत्र ज्याला हवे त्याने घ्यावे, ज्याला विश्वास आहे त्याने पाहावे. पण नागरिक म्हणून सरकारकडे मागायची गोष्ट वेगळी आहे. धर्माचा निवाडा सरकारने करू नये. सरकारने उत्पादकाला वस्तुस्थिती लिहायला लावावी. 'जिलेटिन – प्राणिजन्य' ऐवजी 'जिलेटिन – म्हैस', 'जिलेटिन – डुक्कर', 'जिलेटिन – मासळी'. अंडे हाच एकमेव मांसाहारी घटक असेल तर ती ऐच्छिक ओळ सक्तीची. चव किंवा रंगाच्या अर्कात अल्कोहोल असेल तर तेही यादीत.

यात कोणाच्याही धर्माचे नाव नाही. माळ घातलेल्या काकांना, मध टाळणाऱ्या काकूंना, गोवंश टाळणाऱ्या मटणप्रेमी तरुणाला, अंड्याची अॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईला आणि आपल्याला, पाचही जणांना त्याच एका ओळीची गरज आहे. निवाडा ज्याचा त्याने घरी करावा. पाकिटाने फक्त खरे आणि पूर्ण सांगावे.

तोपर्यंत हिशेब असा ठेवा. हिरवा ठिपका: मांस, चरबी, जिलेटिन आणि अंडे घातलेले नाही, एवढा उत्पादकाचा शब्द. अल्कोहोलबद्दल काही नाही, भांडे वेगळे होते की नाही त्याबद्दल काही नाही. तपकिरी त्रिकोण: थांबा आणि यादी वाचा. आत नुसते अंडे असेल, तर तो केक आपल्याच ताटातला आहे.